पाण्याचं बॉटल रॉकेट: किती पाणी, केवढं भोक, किती उंची (एरोस्पेस ग्रुप, नववी ते अकरावी)

रविवारी सकाळी साडेसहाला ग्राउंडवर जमायचंय, वारा सुटायच्या आत सगळी उड्डाणं झाली पाहिजेत. त्याआधी हे सगळ्यांनी नीट वाचा, कारण रॉकेट उडवणं सोपं आहे, कोणीही पंप मारून उडवतं, पण ते उंच का गेलं हे सांगता येणं हा आपला प्रोजेक्ट आहे. आणि ते तेव्हाच सांगता येतं जेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदलली असेल.

आधी बाटली. 2 लिटरची कोल्ड्रिंकची बाटलीच आणायची, सोडा भरलेला असतो म्हणून ती प्रेशर सहन करायलाच बनवलेली असते. बिसलरीटाइप पातळ पाण्याची बाटली अजिबात चालणार नाही. बाटलीवर वळी, ओरखडा किंवा पांढरट पडलेला डाग असेल तर सरळ टाकून द्या. फिन्स लावायला ग्लू गन वापरू नका, गरम ग्लूने प्लास्टिक तिथे कमजोर होतं, सनबोर्डचे तीन फिन कापून डक्ट टेपने खालच्या बाजूला पक्के बसवा. पुढे दुसऱ्या बाटलीचा वरचा भाग कापून नाक करायचं आणि त्यात मूठभर शाडू. शाडू कशाला, तर वजनाचा मध्य पुढे राहावा आणि फिन्समुळे हवेच्या दाबाचा मध्य मागे, नाहीतर रॉकेट हवेत कोलांट्या मारतं. चेक करायला रिकाम्या रॉकेटला जिथे ते आडवं तोललं जातं तिथे सुतळी बांधून डोक्यावर गरगर फिरवा, नाक पुढे ठेवून फिरलं तर पास. सगळं मिळून रिकामं वजन 150 ग्रॅमच्या आसपास ठेवा आणि एकदा ठरलं की शेवटपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

लाँचर माझ्याकडे तयार आहे. बाटलीचं तोंड खाली करून रबरी वॉशरवर बसतं, मानेच्या कडेला केबल टाय धरतात, वरून पाइपची रिंग असते आणि दोरी ओढली की रिंग खाली सरकून टाय सुटतात. रबरी बूच वाला लाँचर खूप जण करतात पण आपल्याला तो नको, बूच घट्ट बसलं तर जास्त प्रेशरला सुटतं, सैल बसलं तर कमीला, मग उंची पाण्यामुळे बदलली की प्रेशरमुळे हे कळणारच कसं? आपण प्रत्येक वेळी गेज बघून 60 पीएसआयलाच दोरी ओढणार, त्याच्या वर कोणीही पंप मारायचा नाही.

आता मुख्य भाग, पाणी. रॉकेटला ढकलतं ते खाली फेकलं जाणारं पाणी, पण पाण्याला फेकायची ताकद दाबलेल्या हवेतून येते. पाणी वाढवलं की फेकायला वस्तू जास्त मिळते पण हवेला जागा कमी उरते, आणि वर रॉकेट जड होतं ते वेगळंच. 60 पीएसआयने सुरुवात केली आणि हवा पटकन पसरताना थंड होते हे धरलं, तर शेवटचा थेंब बाहेर पडताना आतलं प्रेशर साधारण असं उरतं: 20 टक्के पाणी असेल तर 40 पीएसआय, 30 टक्क्यांना 31, 40 टक्क्यांना 22, आणि अर्धी बाटली भरली तर फक्त 14. म्हणजे अर्ध्या भरलेल्या बाटलीत शेवटचं पाणी जवळजवळ नुसतं सांडतं. उलट पाणी फारच कमी घेतलं तर प्रेशर भरपूर उरतं पण ते नुसत्या हवेच्या फुस्स मध्ये जातं, त्यानेही थोडा धक्का मिळतो पण हवा हलकी असल्यामुळे पाण्याएवढा नाही. म्हणून बहुतेक वेळा उत्तर एक तृतीयांशच्या आसपास निघतं. नक्की कुठे ते तुमच्या रॉकेटचं वजन आणि नोझल म्हणजे झाकणाचं भोक ठरवणार, तेच शोधायचंय. खाली पडलेली बाटली लगेच उचलून उजेडात धरा, आत पांढरं धुकं दिसतं, हवा थंड झाल्यामुळे तिच्यातल्या बाष्पाचे झालेले ते बारीक थेंब आहेत, हे प्रत्येकाने स्वतः बघायचंच.

पाणी डोळ्याने भरायचं नाही, किचनच्या वजनकाट्यावर मोजायचं, 1 ग्रॅम म्हणजे 1 मिली. आधी बाटली काठोकाठ भरून मोजा, 2 लिटरच्या बाटलीत थोडं जास्तच मावतं आणि टक्के त्यावरून काढायचे.

नोझल. झाकणाला मधोमध भोक पाडून 6, 9, 12 आणि 15 मिमी अशी चार झाकणं करायची, आतली कड पॉलिश पेपरने गोल करायची, कारण धारदार कडेला पाण्याची धार आक्रसते आणि 12 चं भोक 12 सारखं वागत नाही. गंमत अशी की पाणी बाहेर पडायचा वेग भोकावर अवलंबून नसतो, 60 पीएसआयला तो सुरुवातीला जवळपास 29 मीटर प्रति सेकंद, भोक कुठलंही असो. बदलतं ते एका वेळी किती पाणी जातं, म्हणून जोर बदलतो:

```
F = 2 × P × A
```

P म्हणजे गेजवरचं प्रेशर, A म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ. 15 मिमीला सुरुवातीचा जोर साधारण 15 किलोचा येतो, 6 मिमीला जेमतेम 2.4 किलोचा. 15 ने 600 मिली पाणी सेकंदाच्या सातव्या भागात संपतं, 6 ने जवळपास एक सेकंद लागतो आणि तेवढा वेळ रॉकेट स्वतःचंच पाणी उचलत बसतं. अर्धी बाटली आणि 6 मिमी ही जोडी तर वजनाच्या दुप्पट जोरावर निघते, हळू निघालेल्या रॉकेटचे फिन्स काम करत नाहीत आणि ते तिरकं जातं. मग सगळ्यात मोठं भोकच चांगलं का? तसंही नाही, मोठ्या भोकाने रॉकेट जमिनीजवळच सगळा वेग घेतं, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. दोन्हीकडे तोटा आहे, मधे कुठेतरी फायदा. मला 12 आणि 15 वाली झाकणं पुढे राहतील असं वाटतं, पण तुमच्या आकड्यांनी मला खोटं पाडलं तर आनंदच आहे.

क्रम असा: आधी 9 चं झाकण पक्कं ठेवून 20, 30, 40, 50 टक्के पाणी, प्रत्येकाची तीन उड्डाणं. मग जिंकलेल्या पाण्यावर चारही झाकणं. इथे थांबायचं नाही, जिंकलेल्या झाकणावर पाणी पुन्हा 5 टक्के वर-खाली करून बघायचं, कारण नोझल बदललं की पाण्याचा बेस्ट आकडाही सरकू शकतो. बहुतेक ग्रुप नेमकं हेच करत नाहीत.

उंची मोजायला दोघं जण, लाँचरच्या दोन बाजूंना समोरासमोर 40-40 मीटरवर, प्रत्येकाकडे कोनमापक, त्याला स्ट्रॉ आणि ओळंबा. रॉकेट वळतं त्या क्षणी दोरा बोटाने दाबून धरायचा. ओळंब्याचा दोरा 90 च्या खुणेवरून किती अंश सरकला तोच कोन.

```
h = 80 / (1/tan A + 1/tan B)
```

समजा A 50 अंश आणि B 46 अंश आला, तर उंची 44.3 मीटर, त्यात डोळ्याची उंची 1.5 मीटर मिळवा. एकाच बाजूने मोजलं तर रॉकेट तुमच्याकडे झुकलं की उंची फुगते, म्हणून दोघं. वहीत दोन्ही कोन लिहा, नुसती उंची नाही. तिरकं गेलेलं उड्डाणही लिहायचं, शेजारी "तिरकं" असा शेरा मारून, खोडायचं नाही. रॉबर्ट गोडार्डचं 16 मार्च 1926 चं पहिलं द्रवइंधन रॉकेट अडीच सेकंद उडालं आणि फक्त 41 फूट, म्हणजे साडेबारा मीटर वर गेलं, तरी ते आकडे आज आपल्याला माहीत आहेत कारण त्याने लिहून ठेवले.

सेफ्टी मोडली तर त्या दिवशी पुढचं उड्डाण नाही. दोरी 10 मीटर लांब, पंप मारणारा आणि दोरी ओढणारा दोघांना गॉगल, प्रेशर भरल्यावर बाटलीवर कोणीही वाकायचं नाही, गळत असेल तरी. उडालं नाही तर आधी पंपाकडून हवा सोडायची मगच जवळ जायचं. नवीन बाटलीची पहिली टेस्ट पूर्ण पाण्याने भरून करायची, त्यात हवा जवळजवळ नसते म्हणून फाटली तरी फक्त गळते. प्रत्येक बाटलीवर मार्करने उड्डाणं मोजत चला, दहा झाली की ती बाद.

घरून येताना रिकामी बाटली, वजनकाटा (आईला विचारून), वही आणि टोपी. झाकणांना भोकं शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे ड्रिलवर पाडू, सहा वाजता या.