एकात एक दोन सोलेनॉइड: कोणत्या त्रिज्येचं क्षेत्रफळ घ्यायचं?

बारावी विज्ञान, विद्युतचुंबकीय प्रवर्तन. संध्याकाळच्या वर्गासाठी टिपण, घाटंजी तालुका.

पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे घ्या, दोन्ही ५० सेंमी लांब. एक ३२ मिमीचा, दुसरा ६३ मिमीचा. ओलिताच्या कोणत्याही वावरात असे तुकडे धुऱ्यावर पडलेले असतात. मोटर रिवायंडिंगच्या दुकानात साधारण १ मिमी जाडीची इनॅमल चढवलेली तांब्याची तार मिळते. ती दोन्ही तुकड्यांवर वेढ्याला वेढा लावून एकाच थरात गुंडाळली, तर प्रत्येकावर सुमारे ५०० वेढे बसतात. लहान नळी मोठीच्या आत सरकवा आणि दोन्ही टोकांना थर्माकोलच्या चकत्या लावून बरोबर मधोमध धरून ठेवा. आता दोन्हींचा अक्ष एकच आहे. आपल्याला काढायचा आहे या जोडीचा म्युच्युअल इंडक्टन्स, M.

चिन्हं आधीच ठरवून घेऊ. आतल्यासाठी 1, बाहेरच्यासाठी 2. त्रिज्या r₁ आणि r₂, r₁ लहान. दर मीटरला वेढे n₁ आणि n₂. लांबी दोन्हींची l, आणि ती त्रिज्यांपेक्षा बरीच मोठी. म्हणून एकूण वेढे N₁ = n₁l, N₂ = n₂l.

पहिल्यांदा क्षेत्र. लांब सोलेनॉइडमध्ये आतलं चुंबकीय क्षेत्र अक्षाला समांतर आणि सगळीकडे सारखं असतं, बाहेर ते जवळपास शून्य. एक आयत कल्पा, ज्याची a लांबीची एक बाजू सोलेनॉइडच्या आत अक्षाला समांतर आहे आणि समोरची बाजू बाहेर. बाहेरच्या बाजूवर क्षेत्र नाही, आडव्या दोन बाजूंना क्षेत्र लंब आहे, तेव्हा अँपिअरच्या नियमात फक्त आतली बाजू उरते. आयतातून na वेढे जातात, प्रत्येकात प्रवाह I:

B·a = μ₀ (n a) I, म्हणून B = μ₀ n I

या सूत्रात त्रिज्या कुठेच नाही, हे नीट पाहून ठेवा. नळी जाड असो की बारीक, दर मीटरला तेवढेच वेढे आणि तेवढाच प्रवाह असेल, तर आतलं क्षेत्र तेवढंच. त्रिज्या कामाला येते ती क्षेत्र कुठपर्यंत पसरलं आहे हे सांगायला.

आता बाहेरच्या सोलेनॉइडमधून I₂ प्रवाह सोडा. त्याच्या पोटात सगळीकडे B₂ = μ₀n₂I₂. आतलं सोलेनॉइड पूर्ण या क्षेत्रात बुडालेलं आहे. त्याच्या एका वेढ्यातून जाणारा फ्लक्स B₂ × πr₁². r₁ च्या बाहेरही क्षेत्र आहे, r₂ पर्यंत आहे, पण आतल्या वेढ्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. तो स्वतःच्या घेरात येईल तेवढंच मोजतो. असे N₁ वेढे:

N₁Φ₁ = (n₁ l)(μ₀ n₂ I₂)(π r₁²)

M₁₂ = N₁Φ₁ / I₂ = μ₀ n₁ n₂ π r₁² l

इथपर्यंत सगळे बरोबर येतात. घोटाळा पुढच्या पायरीत होतो.

प्रवाह आता आतल्यातून, I₁. आतल्याच्या पोटात B₁ = μ₀n₁I₁. आपल्याला हवा आहे बाहेरच्या एका वेढ्यातला फ्लक्स. वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "सर, बाहेरचा वेढा मोठा हाये, तं एरिया त्याचाच घ्या लागन ना?" प्रश्न रास्त आहे, कारण फ्लक्स म्हणजे क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ असं आपण पाठ केलेलं असतं. पण तो गुणाकार क्षेत्र सगळ्या पृष्ठभागावर सारखं असतानाच चालतो. इथे ते सारखं नाही. बाहेरच्या वेढ्याच्या πr₂² क्षेत्रफळाचे दोन भाग पाडा: मधली r₁ त्रिज्येची चकती, आणि तिच्याभोवती r₁ पासून r₂ पर्यंतचं कडं. चकतीवर क्षेत्र B₁. कडं आतल्या सोलेनॉइडच्या बाहेर पडतं, तिथे क्षेत्र शून्य.

Φ₂ = B₁ · π r₁² + 0 · π (r₂² − r₁²) = μ₀ n₁ I₁ π r₁²

N₂Φ₂ = (n₂ l)(μ₀ n₁ I₁)(π r₁²)

M₂₁ = N₂Φ₂ / I₁ = μ₀ n₁ n₂ π r₁² l

M₁₂ = M₂₁ = M. दोन्ही वेळा r₁ आला, पण कारणं वेगळी. पहिल्या वेळी क्षेत्र रुंद होतं आणि वेढा लहान, दुसऱ्या वेळी वेढा मोठा आणि क्षेत्र अरुंद. बोर्डाच्या पेपरात नुसतं "क्षेत्रफळ πr₁²" लिहून पुढे जाऊ नका. कड्यावर क्षेत्र शून्य आहे हे एक वाक्य लिहा. सिद्धतेचा खरा जीव त्या वाक्यात आहे.

आपल्या पाइपांचे आकडे घालू. r₁ = 1.6 सेंमी, r₂ = 3.15 सेंमी, n₁ = n₂ = 1000 प्रति मीटर, l = 0.5 मीटर. तारेची जाडी सोडून दिली आहे.

π r₁² = 8.04 × 10⁻⁴ m²

M = 4π×10⁻⁷ × 1000 × 1000 × 8.04×10⁻⁴ × 0.5 ≈ 5.05 × 10⁻⁴ H

म्हणजे सुमारे अर्धा मिलिहेन्री. r₁ ऐवजी r₂ घातला असता तर १.९६ मिलिहेन्री आलं असतं, जवळजवळ चौपट. तो १.९६ हा आकडा निरर्थक नाही बरं: तो बाहेरच्या सोलेनॉइडचा सेल्फ इंडक्टन्स L₂ = μ₀n₂²πr₂²l आहे. तसंच L₁ = μ₀n₁²πr₁²l. या दोघांवरून जोडणीचा गुणांक काढला की फार सुंदर उत्तर येतं:

k = M / √(L₁L₂) = r₁² / (r₁ r₂) = r₁ / r₂

वेढे गेले, लांबी गेली, μ₀ सुद्धा गेला. आपल्या जोडीला k ≈ ०.५१. k एकच्या जवळ न्यायचा तर दोन त्रिज्यांमधलं कडं कमी करत न्यायचं. वावरातल्या डीपीत ११ केव्हीची आणि कमी दाबाची वाइंडिंग एकाच लोखंडी गाभ्यावर एकावर एक बसवलेली असतात. तिथे गाभा जवळजवळ सगळा फ्लक्स स्वतःतूनच नेतो, म्हणून त्यांच्यातल्या पोकळीने फार नुकसान होत नाही. आपल्याकडे गाभा नाही, म्हणून कडं महाग पडतं.

सूत्र लांब सोलेनॉइडचं आहे, आपली नळी ५० सेंमीचीच. टोकाशी अक्षावरचं क्षेत्र मधल्याच्या साधारण निम्मं होतं. बाहेरच्या सोलेनॉइडच्या अक्षावरच्या क्षेत्राची पूर्ण लांबीवर सरासरी काढली, तर ती μ₀n₂I₂ च्या (√(l² + r₂²) − r₂)/l पट येते. आपल्या आकड्यांना ०.९४. म्हणजे खरा M आपल्या उत्तरापेक्षा सुमारे ६ टक्के कमी.

आतलं सोलेनॉइड आखूड करून मधोमध ठेवलं, तर ही तूट फार कमी होते. समजा त्याची लांबी १० सेंमी, वेढे १००. तेव्हा M = μ₀n₂N₁πr₁² ≈ ०.१ मिलिहेन्री; l च्या जागी आतल्याची लांबी. प्रवाह आखूड सोलेनॉइडमध्ये सोडून बाहेरच्यातला फ्लक्स मोजायला गेलात तर गणित अवघड होतं, कारण त्याचं क्षेत्र टोकांशी पसरतं. त्याची गरजच नाही. M₁₂ = M₂₁ हे कोणत्याही दोन वेटोळ्यांना लागू आहे, तेव्हा सोप्या बाजूने काढा आणि तेच उत्तर दोन्हीकडे वापरा.

प्रयोगाला बाहेरच्या वेटोळ्यात १.५ व्होल्टचा एक सेल आणि दाबबटण जोडा, आतल्याच्या टोकांना गॅल्व्हानोमीटर. बटण दाबताना काटा एकीकडे, सोडताना दुसरीकडे हलेल, आणि दाबून धरलं की शून्यावर येऊन थांबेल. बाहेरच्या तारेचा रोध जेमतेम २ ओहम आहे, म्हणून बटण जास्त वेळ दाबून धरू नका, सेल लवकर उतरतो. आणि घरच्या २३० व्होल्टच्या बोर्डाला ही तार कोणीही, कधीही जोडायची नाही.

उद्यासाठी: सेल आणि गॅल्व्हानोमीटर यांची अदलाबदल करा. दोन्ही मांडण्यांत सेलच्या बाजूचा प्रवाह अँमीटरने मोजून घ्या, कारण आतली तार आखूड आहे, तिचा रोध निम्म्याच्या आसपास, आणि त्याच सेलने तिच्यातून जास्त प्रवाह जाईल. गॅल्व्हानोमीटरच्या बाजूचा एकूण रोध R धरला, तर बटण दाबताना त्यातून जाणारा प्रभार MI/R. काट्याचा झोका या प्रभारावर ठरतो. दोन्ही झोके आणि दोन्ही प्रवाह वहीत लिहून आणा.