संयुक्त पूर्व: पंचायतराजच्या नोट्स हव्यात (आधीचा मेसेज नीट लिहून परत टाकतेय)

नमस्कार सगळ्यांना. गेल्या आठवड्यात मी ग्रुपवर "पॉलिटीच्या नोट्स कुणाकडे असतील तर पाठवा प्लीज, अर्जंट आहे" असं टाकलं होतं. त्यावर अकरा जणांनी "मला पण" लिहिलं आणि दोघांनी मोठमोठ्या पीडीएफ पाठवल्या, त्यातली एक तर राज्यसेवा मुख्यची होती, साडेतीनशे पानांची. पाठवणाऱ्यांचे मनापासून आभार, पण मला त्यातलं नेमकं काय वाचायचं तेच कळेना. मग ग्रुपमधल्या एका दादांनी पर्सनलवर विचारलं की परीक्षा कुठली, टॉपिक कुठला, आत्तापर्यंत काय वाचलंस आणि अडतंय कुठं. हे मी सांगितलंच नव्हतं, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय. मेसेज लांब झालाय पण कृपया पूर्ण वाचा.

मी संयुक्त पूर्व देतेय, गट ब आणि गट क दोन्हीचा फॉर्म भरणार आहे. मराठी माध्यम, दुसरा अटेम्प्ट. सांगलीत एका मेडिकल दुकानात दहा ते सहा काम करते, त्यानंतर रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेत. परीक्षेला माझ्या हिशोबाने सात आठवडे आहेत आणि पंचायतराजला मी पुढचे बारा दिवस ठेवलेत.

संपूर्ण पॉलिटी नकोय. मूलभूत हक्क, संसद, राष्ट्रपती, राज्यपाल हे दोनदा वाचून झालंय आणि त्यावरचे प्रश्न बऱ्यापैकी सुटतात. स्थानिक स्वराज्य संस्था, त्यातही ग्रामीण, इथेच गाडी अडते. जुन्या पेपरांमधले या टॉपिकचे 40 प्रश्न वेगळे काढून सोडवले तर 17 बरोबर, 16 चुकले, 7 सोडले. 100 प्रश्न एका तासात आणि चुकीला पाव मार्क कट, म्हणजे 17 मधले 4 तिथेच गेले.

चुका वहीत लिहून काढल्या तर त्या तीनच प्रकारच्या निघाल्या.

पहिली म्हणजे समित्या. बळवंतराय मेहता 1957, वसंतराव नाईक 1960, बोंगिरवार 1970, अशोक मेहता 1977, पी. बी. पाटील 1984, ही सालं पाठ आहेत. बळवंतराय मेहतांची त्रिस्तरीय आणि अशोक मेहतांची द्विस्तरीय (जिल्हा परिषद आणि मंडल पंचायत) हे पण पक्कं आहे. बळवंतरायांचा भर पंचायत समितीवर आणि नाईक समितीचा जिल्हा परिषदेवर हा फरक मला परवा कळला आणि एकदम डोक्यात बसला, कारण त्यावरूनच 1961 चा आपला जिल्हा परिषदेचा कायदा आणि 1 मे 1962 ची सुरुवात लक्षात राहते. पण बोंगिरवार आणि पी. बी. पाटील यांच्या शिफारशी मी दर वेळी एकमेकांत मिसळते. तर या दोन समित्यांचं समोरासमोर लिहिलेलं एखादं पान कुणाकडे आहे का? हाताने लिहिलेलं, वाकड्या अक्षरातलं असेल तरी चालेल.

दुसरी चूक म्हणजे घटनेतली तरतूद आणि महाराष्ट्राची तरतूद यात गल्लत. प्रश्न होता 243 ड प्रमाणे महिलांना किती जागा, मी 50 टक्के टिक केलं आणि चुकलं. घटनेत किमान एक तृतीयांश आहे, 50 टक्के आपल्या राज्याने 2011 पासून केलंय. 73 वी घटनादुरुस्ती, 24 एप्रिल 1993, अकराव्या अनुसूचीतले 29 विषय हे सगळं येतं, पण "घटनेत काय आणि 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात काय" असे दोन कॉलम मला कुठल्याच पुस्तकात सापडले नाहीत. मी स्वतः करायला घेतलंय, नऊ मुद्दे झालेत, त्याचा फोटो खाली टाकलाय. त्यात चूक दिसली तर सांगा, मुद्दा राहिला असेल तर जोडा. हे सगळ्यात जास्त हवंय. एखाद्याने दोनच मुद्दे सांगितले तरी माझं काम होईल.

तिसरी म्हणजे जुन्या नोट्स. माझ्याकडे तीन ठिकाणच्या आहेत, एक चुलत बहिणीची वही, एक अभ्यासिकेतल्या झेरॉक्स, एक मागच्या वर्षी घेतलेलं पुस्तक. सरपंचाची निवड कशी होते यावर तिन्हींत वेगळं! वहीत सदस्यांमधून, झेरॉक्समध्ये थेट जनतेतून, पुस्तकात परत काहीतरी तिसरंच. खूप डोकं लावल्यावर कळलं की 2017 ला थेट निवड आणली, 2020 ला रद्द केली, 2022 ला परत आणली, म्हणजे वही आणि झेरॉक्स आपापल्या वेळेला बरोबरच होत्या. पण मग बाकीच्या गोष्टींचं काय? ग्रामसभेच्या वर्षाला किमान बैठका किती, हे एका ठिकाणी 4 आहे, एका ठिकाणी 6. अविश्वास ठरावाचं पण तसंच. म्हणून विनंती आहे की नोट्स पाठवताना त्या कुठल्या वर्षी काढल्यात तेवढं वर लिहा. आणि या दोन तरतुदी सध्याच्या कायद्यात काय आहेत हे कुणी कलम नंबरासकट सांगितलं तर मी कायद्यात स्वतः उघडून बघेन.

नागरी भागाचं, म्हणजे 74 वी आणि बाराव्या अनुसूचीचे 18 विषय, ते झालंय, ते नको. क्लासच्या छापील नोट्स स्कॅन करून पण नकोत. ते ज्यांचं आहे त्यांना विचारल्याशिवाय फिरवणं मला बरं वाटत नाही, आणि दुसऱ्याचं छापील वाचून माझं अडलेलं सुटतही नाही. तुम्ही स्वतः काढलेली चार-पाच पानं, फोटो काढून इथेच टाका. मोठी पीडीएफ असेल तर कुठल्या पानापासून कुठल्या पानापर्यंत बघू तेवढं सांगा, मी तेवढंच प्रिंट काढेन.

माझ्याकडून काय मिळेल ते पण सांगते. महाराष्ट्राच्या नद्यांची 14 पानं मी नकाशासकट काढलीयेत. कृष्णेचं पान तर चांगलंच जमलंय कारण ते घरचंच आहे, कोयना कराडला, येरळा ब्रह्मनाळला, वारणा हरिपूरला, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला, वरून खाली ओळीने. यातले तीन संगम मी स्वतः जाऊन बघितलेत. ज्याला हवं त्याने "नद्या" एवढं लिहा, पाठवते. पंचायतराजचे ते 40 प्रश्न पण उत्तरांसकट टाइप करतेय, रविवारपर्यंत ग्रुपवर टाकते, म्हणजे ज्यांनी मागच्या वेळी "मला पण" लिहिलं होतं त्यांनाही उपयोग होईल. त्या सगळ्यांना पण विचारते, तुमचं नेमकं कुठं अडतंय ते लिहा ना, एखादी गोष्ट माझ्याकडे असेलही.

ज्या ताई-दादांची पूर्व निघालीये त्यांना एक वेगळा प्रश्न. हा टॉपिक तुम्ही कलमांपासून सुरू केला होता की गावच्या ग्रामपंचायतीपासून वर जिल्हा परिषदेपर्यंत? मी कलमांपासून केला आणि 243 अ, ब, क करत करत मध्येच दम निघाला. दोन ओळीत सांगितलं तरी चालेल.

दुकानात असताना फोन बघता येत नाही, त्यामुळे दिवसा रिप्लाय आला नाही तर राग मानू नका, साडेसहानंतर प्रत्येकाला उत्तर देते. जे मिळेल ते सगळं एकत्र करून गुरुवारी इथेच टाकेन. आणि फोटोतल्या कॉलममधला पाचवा मुद्दा कुणीतरी नक्की तपासा, ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या 7 ते 17 लिहिलीये ती मी घटनेच्या कॉलममध्ये टाकली होती, ती राज्याच्या कॉलममध्ये हवी ना?