मोटार अपघात भरपाई : सोडवलेले उदाहरण

प्रश्न : १२ फेब्रुवारी २०१८ रोजी सातारा जिल्ह्यात ट्रक आणि दुचाकीच्या धडकेत ३८ वर्षांचा वेल्डर मरण पावला. स्वतःच्या वर्कशॉपमधून त्याला दरमहा १८,००० रुपये मिळत. पत्नी, दोन अज्ञान मुले आणि ६३ वर्षांची आई त्याच्यावर अवलंबून होती. दोषनिरपेक्ष दायित्वाखाली कुटुंबाला ५०,००० रुपये आधीच मिळाले आहेत. मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा २० टक्के ठरला असून निवाडा २० जानेवारी २०२० चा आहे. व्याज वगळून देय रक्कम काढा.

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या तेव्हा लागू असलेल्या कलम १४० नुसार मृत्यूबद्दल ५०,००० रुपये मिळण्यासाठी कोणाची चूक होती हे सिद्ध करावे लागत नसे, आणि मयताची चूक असली तरी ती रक्कम कमी होत नसे. कलम १६६ खालील दाव्यात मात्र चूक मोजली जाते.

वार्षिक उत्पन्न १८,००० × १२ = २,१६,००० रुपये. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निवाड्यानुसार (२०१७) चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीसाठी भावी उत्पन्नवाढ ४० टक्के, म्हणजे ८६,४०० रुपये, बेरीज ३,०२,४००. अवलंबित चार असल्याने सरला वर्मा निवाड्याप्रमाणे (२००९) मयताच्या वैयक्तिक खर्चापोटी एक चतुर्थांश, म्हणजे ७५,६०० रुपये वजा केल्यावर २,२६,८०० उरतात. ३६ ते ४० वयोगटाचा गुणक १५ आहे. येथे अनेक विद्यार्थी आईचे वय पाहून ७ हा गुणक घेतात आणि कुटुंबाची भरपाई निम्म्याहून खाली येते. गुणक मयताच्याच वयावरून ठरतो.

अवलंबितत्वाची हानी : २,२६,८०० × १५ = ३४,०२,००० रुपये.

संपदाहानीचे १५,०००, अंत्यविधीचे १५,००० आणि सहवासहानीचे, प्रत्येक दावेदारास ४०,००० प्रमाणे, १,६०,००० रुपये मिळवले की एकूण ३५,९२,००० होतात. (या रूढ रकमांत दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ आहे, या दाव्याचा निवाडा पहिल्या वाढीआधीचा असल्याने ती येथे धरलेली नाही.)

आता क्रम सांभाळावा लागतो. आधी २० टक्के, म्हणजे ७,१८,४०० रुपये वजा करून २८,७३,६०० काढावेत आणि त्यातून मिळालेले ५०,००० वळते करावेत. उलट क्रमाने उत्तर २८,३३,६०० येते, म्हणजे १०,००० रुपये जास्त, कारण त्या क्रमात आधी मिळालेल्या ५०,००० रुपयांना २० टक्क्यांची कपात लागतच नाही. ती रक्कम चुकीवर अवलंबून नसली, तरी अंतिम भरपाईत ती समाविष्ट धरली जाते.

देय शिल्लक : २८,७३,६०० − ५०,००० = २८,२३,६०० रुपये.

१ एप्रिल २०२२ पासून कलम १४० राहिले नाही. त्यानंतरच्या अपघातांसाठी कलम १६४ असून, त्याखाली चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख रुपये मिळतात. म्हणून गणित मांडण्यापूर्वी अपघाताची तारीख वाचावी.