६४० वरून ५८ : सपोर्ट टीमचे मनापासून आभार

मंजिरी, अश्विनी, तेजस, रेहाना आणि सदानंद सर,

एप्रिलच्या सुरुवातीला आपल्याकडे ६४० तक्रारी पडून होत्या. जूनच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी पाहिलं तेव्हा ५८ उरल्या होत्या. हा आकडा वरच्या बैठकीत सगळ्यांनी पाहिला आणि कौतुकही केलं. पण तो कसा खाली आला हे त्या बैठकीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत आहे, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात अश्विनीने केली. बाकी सगळे उत्तरं देण्याच्या घाईत असताना तिने आधी ती यादी नीट वाचली. एकाच ग्राहकाने वैतागून तीन-तीनदा पाठवलेल्या मेलच्या तीन वेगळ्या तक्रारी झाल्या होत्या. तिने अशा २१२ शोधून मूळ तक्रारीला जोडल्या. अश्विनी, त्यामुळे नुसती यादी लहान झाली नाही. एकाच माणसाला आपल्याकडून तीन वेगळी उत्तरं जायची, ते थांबलं.

मंजिरी, शंभरातल्या २३ तक्रारी बंद केल्यावर पुन्हा उघडत होत्या, आता ८ उघडतात. त्यासाठी तू बंद झालेल्या तक्रारी एकेक करून वाचल्यास आणि नेमकी जागा पकडलीस : आपली तयार उत्तरं नव्या आवृत्तीचा स्क्रीन धरून लिहिलेली होती आणि निम्मे ग्राहक अजून जुन्या आवृत्तीवर होते. जे बटण त्यांना दिसतच नव्हतं ते दाबायला आपण सांगत होतो. तू १४ उत्तरं दोन्ही आवृत्त्यांसाठी नव्याने लिहिलीस. परवा त्यातलं एक वाचलं. हिशोबनीस नसलेल्या माणसालाही कळेल इतकं सोपं आहे.

तेजस, तुझ्याबद्दल जरा सविस्तर लिहिणार आहे. 'कुणी किती तक्रारी बंद केल्या' या तक्त्यात तुझं नाव सगळ्यात खाली आहे आणि तो तक्ता सगळ्यांना दिसतो. त्यात जे दिसत नाही ते असं : रात्रपाळी संपताना प्रत्येक अर्धवट तक्रारीवर तू तीन ओळी लिहून ठेवतोस. काय झालं, काय करून पाहिलं, ग्राहकाला पुढचा निरोप कधी द्यायचा आहे. सकाळच्या लोकांना पूर्वी अख्खा संवाद वरपासून वाचावा लागायचा. आता ते आल्या आल्या कामाला लागतात. पहिलं उत्तर जायला २६ तास लागायचे, आता ५ लागतात, यात तुझ्या त्या तीन ओळींचा वाटा मोठा आहे. स्वतःच्या नावावर कमी तक्रारी दिसतील हे माहीत असूनही तू हे सोडलं नाहीस, याचा मला फार आदर वाटतो. जुलैपासून तो तक्ता माणसागणिक निघणार नाही, टीमचा एकच निघेल.

सदानंद सर, साठ दिवसांहून जुन्या ९ तक्रारी कुणीच हातात घेत नव्हतं. तुम्ही न सांगता त्या स्वतःकडे घेतल्या आणि मेल न पाठवता थेट फोन लावले. त्यातल्या चार ठिकाणी तर चूक आपल्या सॉफ्टवेअरची नव्हतीच, बँकेकडून आलेल्या फाइलमधली तारीख वेगळ्या पद्धतीने लिहिलेली होती. 'आमचा संबंध नाही' म्हणून सोडून देता आलं असतं. तुम्ही फाइल दुरुस्त कशी करायची तेही समजावून दिलंत. त्या चौघांपैकी दोघांनी मला मुद्दाम कळवलं.

रेहाना, तू मे महिन्यात आलीस. पहिल्याच आठवड्यात विचारलंस, की ग्राहकाने 'झालं' म्हणायच्या आधीच आपण तक्रार बंद का करतो? आमच्यापैकी कुणालाच त्याचं धड उत्तर देता आलं नाही. आता आपण एक दिवस थांबतो, ते तुझ्या या प्रश्नामुळे. असे प्रश्न विचारत राहा.

एक गोष्ट अजून जागेवर आलेली नाही. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत पगाराच्या गर्दीत पहिलं उत्तर जायला अजूनही ११ तास लागतात. तुम्ही कमी पडता म्हणून नाही, माणसं कमी पडतात म्हणून. त्या दिवसांसाठी आणखी दोन जण द्यावेत असं मी लेखी मागितलं आहे आणि कारण म्हणून हाच आकडा दिला आहे.

वर प्रत्येकाबद्दल जे लिहिलंय तेच मी तुमच्या वार्षिक मूल्यमापनात नावासह नोंदवलं आहे. कुणाचं काही सुटलं असेल, विशेषतः शेजारी बसणाऱ्याने केलेलं आणि माझ्या नजरेत न आलेलं, तर शुक्रवारपर्यंत मला सांगा. नोंद अजून बंद केलेली नाही.

मनापासून आभार,
अभिजित