विषय : लिव्ह अँड लायसन्स कराराचे नूतनीकरण आणि मासिक भाडे कमी करण्याबाबत विनंती

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आपल्या धायरी येथील फ्लॅटचा सध्याचा करार ३१ जुलै २०२६ रोजी संपत आहे. पुढचा करार करण्याची आमची मनापासून इच्छा आहे, परंतु त्याआधी भाड्याच्या रकमेविषयी आपल्याशी स्पष्टपणे बोलणे मला आवश्यक वाटते. फोनवर आकडे नीट मांडता येत नाहीत, शिवाय काकूंशीही आपल्याला सावकाश विचारविनिमय करता यावा, म्हणून हे लिहून पाठवीत आहे.

जून २०१७ मध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा भाडे १४,५०० रुपये होते. प्रत्येक अकरा महिन्यांच्या करारागणिक पाच टक्के वाढ होत ते आज २१,४०० रुपयांवर आले आहे, आणि नेहमीप्रमाणे वाढ धरल्यास ते साडेबावीस हजारांच्या घरात जाईल. लॉकडाऊननंतरच्या करारात आपण स्वतःहून वाढ घेतली नव्हती, हे आम्ही विसरलेलो नाही. मात्र दरम्यानच्या काळात आपल्या इमारतीच्या मागे आणि नऱ्ह्याच्या बाजूला लिफ्ट व झाकलेले पार्किंग असलेल्या नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यामुळे आमच्यासारख्या लिफ्ट नसलेल्या इमारतीतील भाडी त्या वेगाने वाढलेली नाहीत. आपल्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा तेवढाच टू बीएचके गेल्या एप्रिलमध्ये १८,००० रुपयांना गेला, आणि समोरच्या विंगमधील फर्निचरसह असलेला फ्लॅट १९,००० रुपयांना. मागच्या नव्या सोसायटीत एजंटने आम्हाला २०,५०० रुपये भाडे सांगितले. आपला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, फर्निचर नाही, पार्किंग दुचाकीपुरते आहे आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी सोसायटीला टँकरवर अवलंबून राहावे लागते, हे आपणही जाणताच. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे किंवा चौकातील कोणत्याही एजंटकडे आपण या दरांची अवश्य चौकशी करावी.

या सर्व वर्षांत भाडे दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत आपल्या खात्यात जमा झाले आहे. २०२० मध्ये कंपनीने काही महिने पगार कमी केला होता, तेव्हाही आम्ही आपल्याकडे सवलत मागितली नाही. वीजबिल कधी थकले नाही आणि सोसायटीकडून आमच्याबद्दल तक्रार आली नाही. पश्चिमेकडच्या बेडरूमच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येऊन खिडकीखालचा गिलावा भुगा होऊन गळत असे. २०२३ मध्ये आम्ही तो खरवडून, वॉटरप्रूफिंग करून घेतले, आणि त्याचा खर्च आपल्याकडे मागितला नाही. घर आपले असले तरी ते आम्ही स्वतःच्या घरासारखेच सांभाळले आहे, आणि आपण सांगलीत निश्चिंत राहावे याची काळजी घेतली आहे.

म्हणून माझी विनंती अशी आहे की १ ऑगस्टपासून भाडे १८,५०० रुपये करावे आणि अकरा महिन्यांऐवजी एकदम छत्तीस महिन्यांचा करार करावा. पहिली दोन वर्षे हेच भाडे राहील आणि तिसऱ्या वर्षी ते १९,४०० रुपये होईल. अनामत रक्कम ६०,००० रुपयेच राहू द्यावी. पहिले अठरा महिने आम्ही घर सोडणार नाही, असे करारात लिहून देण्यास मी तयार आहे. पाव टक्का मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि एजंटची फी हा खर्च आजवर आपण निम्मा-निम्मा करीत आलो. या वेळी तो संपूर्ण मी करीन.

आपल्या बाजूने पाहता दरमहा २,९०० रुपये कमी होतात आणि ही रक्कम लहान नाही, विशेषतः निवृत्तीनंतर. तरीही आम्ही घर सोडल्यास आजच्या बाजारात नव्या भाडेकरूकडून २१,४०० रुपये मिळणे मला कठीण दिसते. त्यात महिना-दीड महिना घर रिकामे राहणे, एक महिन्याची दलाली, रंगकाम आणि त्या काळातही भरावा लागणारा मेंटेनन्स, शिवाय येणारा माणूस कसा असेल याची चिंता, हे सारे आपल्यालाच सोसावे लागेल. आम्हालाही घर बदलायचे नाही. मुलीची पुढच्या वर्षी दहावी आहे, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि शेजारी आता घरचेच झाले आहेत. पण बाजारापेक्षा सुमारे तीन हजार रुपये अधिक देत राहणे तिच्या शिक्षणाचा खर्च वाढत असताना आम्हाला झेपणारे नाही.

१८,५०० या आकड्यावर आपले काही वेगळे मत असल्यास ते मोकळेपणाने सांगावे. दोघांनाही मान्य होईल असा मार्ग निघेल याची मला खात्री आहे. येत्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मी आपल्याला फोन करीन. आपला होकार असल्यास कराराचा मसुदा त्याच आठवड्यात पाठवतो. नोंदणी ऑनलाइन होत असल्याने आपल्याला पुण्याला येण्याची गरज नाही, अंगठा आणि फोटो घेण्यासाठी सांगलीतील एजंट आपल्या घरी येईल.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपला,
संदीप
फ्लॅट क्र. ११, धायरी, पुणे
१४ जून २०२६