विषय: फिरत्या विक्री प्रतिनिधींसाठी १० मोबाइलचे कोटेशन मिळण्याबाबत

नमस्कार शेठजी,

काल नवी पेठेतल्या आपल्या दुकानात येऊन गेलो होतो. काउंटरवर गर्दी असल्यामुळे सविस्तर बोलणे झाले नाही. आपल्या सांगण्याप्रमाणे मागणी लेखी कळवत आहे.

आमचा टॉवेल-चादरींचा घाऊक व्यवसाय आहे. आमची १० मुले बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट अशा लाइनवर दुचाकीने फिरतात. दुकानात ऑर्डर घेणे, मालाचे फोटो पाठवणे, क्यूआर दाखवून वसुली करणे, सगळे फोनवरच चालते. लोकेशन दिवसभर चालू असते. दुपारी तीनलाच बॅटरी संपली, तर पुढच्या गावांची ऑर्डर वहीत लिहावी लागते आणि रात्री ती पुन्हा भरताना चुका होतात. म्हणून बॅटरी किमान ५००० एमएएच हवीच. दुसरी अडचण उन्हाची. एप्रिल-मेमध्ये रस्त्यावर उभे राहून स्क्रीन वाचता आली पाहिजे.

बाकी अपेक्षा साध्या आहेत: अँड्रॉइड, ५जी, ६ किंवा ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, दोन सिम. कॅमेऱ्यात बिल स्पष्ट वाचता आले की पुरे. जीएसटीसह एका फोनला १६ हजारांपर्यंत जाण्याची आमची तयारी आहे. या किमतीत आपण स्वतः खात्रीने द्याल असे दोन-तीन मॉडेल सुचवा. कंपनी कोणतीही चालेल, पण तिचे अधिकृत सर्व्हिस सेंटर सोलापुरातच हवे. दुरुस्तीला फोन पुण्याला गेला की आमचा माणूस तितके दिवस अडकतो.

दहाही फोन एकाच मॉडेलचे, सीलबंद आणि भारतातील वॉरंटीचे हवेत. मागच्या खेपेला दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला तीन वेगवेगळी मॉडेल्स मिळाली आणि बिलावर आयएमईआय क्रमांकही नव्हते. वॉरंटीसाठी मुलांना फार हेलपाटे पडले. त्यामुळे प्रत्येक फोनचा आयएमईआय बिलावर असावा, ही विनंती नव्हे, अटच समजा.

कोटेशनमध्ये मूळ किंमत आणि १८ टक्के जीएसटी वेगळे दाखवा, आम्हाला इनपुट क्रेडिट घ्यायचे आहे. टेम्पर्ड ग्लास, जाड बॅक कव्हर आणि चार्जर यांचे दरही स्वतंत्र लिहा. हल्ली काही फोनच्या बॉक्समध्ये चार्जर येत नाही. आमच्याकडचे सहा जुने फोन चालू स्थितीत आहेत, त्यांचे एक्स्चेंजमध्ये किती धराल तेही कळवा. तीन महिन्यांत आणखी दोन मुले घेणार आहोत, त्यांच्यासाठी हाच दर राहील का?

पैसे एनईएफटीने देऊ: निम्मे ऑर्डरसोबत, उरलेले फोन तपासून घेतल्यावर त्याच दिवशी. जीएसटी प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

येत्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कोटेशन मिळाले, तर शनिवारी निर्णय घेऊन सोमवारी ऑर्डर देता येईल. शक्य असल्यास एक डेमो फोन दिवसभरासाठी द्या. अक्कलकोट लाइनच्या मुलाकडे देऊन पाहतो, सर्वांत जास्त फिरणे त्याचेच आहे.

आपला,
विक्री व्यवस्थापक
टॉवेल-चादर घाऊक विभाग
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर