दूध लागलंय

२०२१च्या मे महिन्यात शालन साताऱ्याच्या दवाखान्यातून घरी आली ती ऑक्सिजनचं मशीन सोबत घेऊनच. कोरोना गेला होता, पण फुप्फुसं पार थकली होती. मोरीपर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागे. दिवसभर अधूनमधून ती तीन चेंडूंचं यंत्र तोंडाला लावून श्वास ओढायची. पहिला चेंडू वर जायचा, दुसरा थरथरायचा, तिसरा तळाशी बसून राहायचा. अख्खा पावसाळा यातच गेला. दसऱ्याच्या सुमारास तिसरा चेंडू उचलला, तेव्हा दिनकररावांनी गल्लीत पेढे वाटले.

नाक मात्र गेलं ते गेलंच. आधी कसलाच वास येईना. श्रावणात येऊ लागला तो भलताच. फोडणीत कांदा पडला की जळक्या टायरचा, लसणाचा तसाच, कॉफीचाही तसाच. तिला उमासे यायचे. मग दिनकरराव कांदा मागच्या अंगणात नेऊन चिरायला लागले आणि पुढे पुढे कांदा आणायचेच बंद झाले. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, घरात कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं. आता भात, वरण, बिनकांद्याची भाजी, सगळं शिकला होता.

कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले, वासाच्या पेशी नव्याने तयार होतात, पण धीर धरावा लागतो. रोज सकाळ-संध्याकाळ गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हुंगायची. एकेक वीसेक सेकंद, आणि हुंगताना तो वास मनात आणायचा. शालन न चुकता हुंगायची. मनात सगळं यायचं, नाकात काही नाही.

दिवाळीत लेक बाळाला घेऊन आली. तेल लावून, न्हाऊमाखू घालून, धुरी देऊन त्याला आजीच्या मांडीवर ठेवलं. शालनने त्याच्या मानेत नाक खुपसलं. ऊब लागली, मऊ लागलं. बाकी काही नाही. लेक कौतुकाने बघत होती. "काय गोड वास येतोय गं," शालन म्हणाली, आणि त्या रात्री पांघरुणात तोंड घालून रडली.

चहाचंही तसंच. दिनकरराव कुंडीतला गवती चहा कात्रीने कापून आणायचे, आलं ठेचायचे, कप तिच्या हातात देऊन समोर बसायचे. "कसा झालाय?" "छान." गरम आणि गोड, एवढंच तिला कळायचं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते रोज विचारायचे आणि ती रोज छान म्हणायची.

जानेवारीतली ती सकाळ चांगलीच गारठ्याची होती. दूधवाला दारात आला, दिनकरराव महिन्याचा हिशेब करत त्याच्याशी बोलत राहिले आणि पातेलं गॅसवरच राहिलं. शालनला यातलं काही माहीत नव्हतं. ती आतल्या खोलीत शाल गुंडाळून बसली होती. कप तोंडाशी नेला आणि ती थबकली.

करपट वास.

तिच्या पोटात गोळा आला. आता चहासुद्धा? कांदा गेला, लसूण गेला, कॉफी गेली. तिने कप खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, कारण हा वास टायरचा नव्हता. हा तिच्या ओळखीचा होता. सासरी आल्या आल्या, चुलीपाशी, सासूबाईंच्या देखत नाकात बसलेला.

"अहो, दूध लागलंय का?"

"छे, नाही तर." बोलता बोलताच दिनकरराव उठले. स्वयंपाकघरातून पातेलं घेऊनच आले. डावाने तळ खरवडला तर तपकिरी, जाड खरपुडी निघाली. ते एकदा पातेल्याकडे बघायचे, एकदा तिच्याकडे.

"तुला कसं कळलं?"

"वास येतोय." तिचा आवाज कापत होता. "केवढा लागलाय. असला चहा कुणी पाहुण्याला दिला असतात तर?"

दिनकररावांनी पातेलं तिथेच फरशीवर ठेवलं आणि उपरण्याने डोळे पुसले. "दे इकडे. ओतून देतो. दुसरा करतो."

"हात लावायचा नाही." तिने कप छातीशी धरला. वाफेत तोंड घालून हळूहळू श्वास ओढला, चेंडू उचलताना ओढायची तसा. करपट वासाच्या मागे काहीतरी हिरवं, ओलसर होतं. गवती चहा. आलं मात्र अजून सापडत नव्हतं. तिने पुन्हा हुंगलं. नाहीच.

"आलं घातलंत ना?"

"बोटभर घातलंय."

"ते येत नाही अजून." तिने घोट घेतला. चहा वाईटच झाला होता, आणि तो तिने तळापर्यंत प्यायला.

मग कप त्यांच्या हातात देत म्हणाली, "बाजारात जाल तेव्हा कांदे आणा. एकच चिरू, ओट्यावर, माझ्यासमोर. सोसला नाही तर सांगेन."